दोन मिनिटं चोपन्न आणि दोन पॉइंट चोपन्न

या सदरात आपण रक्तदाब, साखर, गुडघे आणि आहार यांविषयी वाचतो. आज मी वहीत टाकलेल्या एका टिंबाविषयी लिहिणार आहे. त्या टिंबामुळे माझ्या अंगातलं रक्त कमी होत असल्याची खूण मला जवळजवळ महिनाभर दिसली नाही. खूण वहीत होती, माझ्याच अक्षरात होती, पण मी ती चुकीची वाचत होतो. आपल्यातले बरेच जण वेळ माझ्यासारखीच लिहितात, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

माझं वय सहासष्ट. पिस्कॅटवेला मुलीकडे राहतो. मागच्या वर्षी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट घातला. त्यानंतरचे व्यायामाचे वर्ग संपले, स्ट्रेस टेस्ट झाली आणि डॉक्टरांनी हळू पळायला परवानगी दिली. अट एकच होती, नाडी मिनिटाला ११५ ते १२० च्या वर जाऊ द्यायची नाही. वर्गातल्या नर्सबाईंनी एक सोपी रीत सांगितली. महिन्यातून दोनदा, त्याच जागी, त्याच वेळी, नाडी त्याच टप्प्यात ठेवून चार फेऱ्या मारायच्या, प्रत्येक फेरीला लागलेला वेळ लिहायचा आणि सरासरी काढायची. नाडी तीच असताना सरासरी सुधारत असेल तर हृदय आणि पाय तयार होत आहेत. नाडी तीच असूनही सरासरी दहाएक सेकंदांनी वाढली आणि पुढच्या वेळीही वाढलेलीच राहिली, तर फोन करायचा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर अर्थातच वही बाजूला ठेवून ताबडतोब ९११. पण हळूहळू होणाऱ्या बदलाचा साक्षीदार म्हणजे ती वही.

इथली बरीच मराठी मंडळी जॉन्सन पार्कात रॅरिटन नदीच्या काठाने चालतात. मी मात्र घराजवळच्या एका शाळेच्या ट्रॅकवर जातो, कारण तिथली एक फेरी बरोबर ४०० मीटरची असते. फेऱ्या सारख्या लांबीच्या असल्या तरच त्यांच्या वेळांची अशी साधी सरासरी काढण्यात अर्थ असतो. बागेत कधी लांबचा रस्ता आणि कधी जवळचा घेतला, तर वेळांची तुलनाच होत नाही.

आता वहीकडे येतो. जूनच्या पहिल्या बुधवारी मी लिहिलं होतं: २.४१, २.४४, २.४८, २.५१. म्हणजे दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद, दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद, याप्रमाणे. कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, ९.८४ आली. चाराने भागलं, २.४६ आले. वहीत लिहिलं: सरासरी २ मिनिटं ४६ सेकंद. हे उत्तर अगदी बरोबर होतं, आणि पुढचा घोटाळा त्यामुळेच झाला. रीत चुकीची असूनही उत्तर बरोबर आलं, त्यामुळे रीतीवर माझा विश्वास बसला.

जूनच्या तिसऱ्या बुधवारी पाऊस होता, ट्रॅकवर गेलो नाही. जुलैच्या पहिल्या बुधवारी वेळा आल्या: २.५४, २.५६, २.५९ आणि शेवटची फेरी ३.०३. बेरीज १०.७२, भागिले चार, २.६८. अडुसष्ट सेकंद कधी नसतात एवढं मला कळलं. मग मी हुशारी केली. अडुसष्ट सेकंद म्हणजे एक मिनिट आठ सेकंद, तेव्हा सरासरी ३ मिनिटं ८ सेकंद. जूनच्या मानाने बावीस सेकंद हळू! मी घाबरलो. नर्सबाईंना फोन करायचं ठरवलं. पण त्या दिवशी उकाडा भयंकर होता, न्यू जर्सीतला जुलै मुंबईच्या मे महिन्याला मागे टाकतो. दमट उष्ण हवेत शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं, म्हणून त्याच नाडीला वेग कमी मिळतो, हे मला वर्गातच सांगितलं होतं. म्हटलं, पुढच्या खेपेला पाहू.

जुलैच्या तिसऱ्या बुधवारी वेळा आल्या: ३.०१, ३.०३, ३.०४, ३.०८. बेरीज १२.१६, भागिले चार, ३.०४. म्हणजे ३ मिनिटं ८ सेकंदांवरून ३ मिनिटं ४ सेकंद. चार सेकंदांची सुधारणा! मी निश्चिंत झालो. फोन केला नाही. जिना चढताना थोडा दम लागत होता, त्याचं खापर उन्हाळ्यावर फोडलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला नात माझ्या वहीतले आकडे कॉम्प्युटरवर चढवायला बसली. ती शाळेच्या संघातून पळते, त्यामुळे अशा वेळा तिच्या रोजच्या बोलण्यातल्या.

"नाना, हे टू पॉइंट फिफ्टीफोर काय आहे? अडीच मिनिटांहून थोडं जास्त?"

"नाही ग, दोन मिनिटं चोपन्न सेकंद."

"मग मध्ये डॉट का लिहिलात? आणि नाना, तुमची सगळ्यात स्लो फेरी तीन मिनिटं तीन सेकंदांची. अ‍ॅव्हरेज तीन मिनिटं आठ कसं येईल?"

मी वही हातात घेऊन पाहतच राहिलो. तिन्ही फेऱ्या तीन मिनिटांच्या आत, चौथी जेमतेम तीन सेकंद बाहेर, आणि सरासरी सगळ्यांच्या पलीकडे! वर्गात सर्वांत उंच मुलगा पाच फूट असेल तर वर्गाची सरासरी उंची सव्वापाच फूट असू शकत नाही. हे मला दिसायला हवं होतं.

खरा हिशेब आम्ही दोघांनी बसून केला. २ मिनिटं ५४ सेकंद म्हणजे १७४ सेकंद. त्याचप्रमाणे पुढच्या फेऱ्या १७६, १७९ आणि १८३. बेरीज ७१२, भागिले चार, १७८ सेकंद. म्हणजे २ मिनिटं ५८ सेकंद. तिसऱ्या बुधवारचा हिशेब मात्र बरोबरच होता: १८१, १८३, १८४, १८८, बेरीज ७३६, सरासरी १८४, म्हणजे ३ मिनिटं ४ सेकंद.

तर माझ्या वहीनुसार मी २:४६ वरून एकदम ३:०८ ला घसरलो आणि मग ३:०४ ला सावरलो. प्रत्यक्षात मी २:४६ वरून २:५८ ला आणि तिथून ३:०४ ला गेलो होतो. नाडी तीच, आणि सलग अठरा सेकंदांची उतरण. नर्सबाईंनी फोन करायला सांगितलं होतं ते नेमकं यासाठीच. वहीने मला सुधारणा दाखवली तिथे खरोखर सहा सेकंदांची घसरण होती.

दुसऱ्या दिवशी फोन केला. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.१ निघालं. पुरुषांमध्ये ते साधारण १३ च्या वर असायला हवं. स्टेंटनंतर मला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं चालू होती. या दोन औषधांनी काही जणांच्या पोटातून थोडंथोडं रक्त जातं. दुखत नाही, उलटी होत नाही, दिसतही नाही. रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि तेवढ्याच नाडीला पाय पूर्वीइतका वेग देत नाहीत. दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा पोटात एक लहान व्रण सापडला. पोटासाठी औषध सुरू झालं आणि डॉक्टरांनी आधीच्या औषधांत त्यांच्या विचाराने बदल केला. इथे एक सांगून ठेवतो, ही रक्त पातळ करणारी औषधं कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. स्टेंट एकाएकी बुजण्याचा धोका त्यात असतो.

सरासरी वाढली की रक्तच जातंय, असं मुळीच नाही. बहुतेक वेळा ऊन, अपुरी झोप किंवा आदल्या दिवशीची दगदग असते, आणि माझ्याही अठरा सेकंदांत उन्हाचा वाटा असणारच. सरासरी रोग सांगत नाही. कधी विचारायला जावं, एवढंच ती सांगते. पण ते सांगण्यासाठी ती बरोबर तरी काढलेली हवी.

आता चूक नेमकी कुठे होते ते पाहू. ती मोठी फसवी आहे.

दशांश चिन्हानंतरच्या जागेत एकाचे शंभर भाग असतात. मिनिटाचे मात्र साठच. सगळ्या फेऱ्या दोन मिनिटं आणि काही सेकंदांच्या असतील, तर दोनाचा आकडा सरासरीतही दोनच राहतो आणि मागचे सेकंद आपापसांत बेरीज होऊन भागले जातात. साठ की शंभर, हा प्रश्नच उठत नाही. म्हणून जूनमधलं उत्तर बरोबर आलं. पण चारपैकी एक फेरी तीन मिनिटांच्या पुढे गेली की तिच्यातलं ते एक जादा मिनिट चौघांत वाटावं लागतं. खऱ्या हिशेबात साठ सेकंद चौघांत वाटले की वाट्याला पंधरा येतात. दशांशाच्या हिशेबात शंभर वाटले जातात, वाट्याला पंचवीस येतात. दहा सेकंद हवेतून आले. चारपैकी दोन फेऱ्या पलीकडे गेल्या तर वीस सेकंद हवेतून येतात, तीन गेल्या तर तीस. आणि चारही गेल्या की पुन्हा सगळं जुळतं, कारण आता सगळ्यांचाच आकडा तीन.

म्हणजे ही चूक रोज होत नाही. आपण एका मिनिटाची हद्द ओलांडत असतो त्याच दिवसांत ती होते, मग ते सुधारताना असो की घसरताना. एरवी लपून बसते. बदल चालू असतो तेव्हाच सरासरीची खरी गरज असते, आणि नेमकं तेव्हाच टिंब धोका देतं. माझ्या वहीत पहिली आणि तिसरी नोंद बरोबर होती, मधली तेवढी चुकली. त्या एका चुकीने उतरणीला चढण करून दाखवलं.

मी अडुसष्टचं एक मिनिट आठ केलं, म्हणून माझी चूक निदान हळू बाजूला गेली. दुसरा कोणी तेच २.६८ घेऊन म्हणेल, हे दशांश आहे, ०.६८ ला साठाने गुणू, ४१ सेकंद आले, तेव्हा सरासरी २ मिनिटं ४१ सेकंद. एकाच आकड्यातून दोन माणसांना दोन उत्तरं, ३:०८ आणि २:४१, आणि खरं २:५८ दोघांनाही नाही. बिघाड बेरजेतच झालेला असतो. नंतर कितीही शहाणपणाने रूपांतर केलं तरी तो निघत नाही.

मग हे टिंब आपल्या हाताला लागलं कुठून? मला वाटतं, आपल्या छापील मराठीतून. लग्नाच्या पत्रिकेवर आपण सायंकाळी ६.३० वाजता असं लिहितो. वर्तमानपत्रं सभेची वेळ १०.३० अशीच छापतात. आमच्या लहानपणी रेल्वेच्या वेळापत्रकातही टिंबच असायचं. त्यात वावगं काही नाही, कारण पत्रिकांवरच्या वेळांची सरासरी कोणी काढत नाही. टिंब तिथे नुसतं तासाला मिनिटांपासून वेगळं करतं. अमेरिकेत मुलांना पहिल्यापासून दोन टिंबं, एकावर एक, अशी लिहायला शिकवतात. ३:०५ पाहिलं की त्यांना वेळ दिसते आणि ३.०५ पाहिलं की साधी संख्या. आपण इथे आलो, सवय तिथली घेऊन आलो, आणि हातात कॅल्क्युलेटर आला. कॅल्क्युलेटरला पत्रिका कळत नाही.

गंमत अशी की आपली बोली या चुकीपासून आपल्याला वाचवते, लिपीच फसवते. "अडीच मिनिटं" म्हटलं की ती २ मिनिटं ३० सेकंद, हे कोणालाही कळतं. "सव्वातीन" म्हणजे ३ मिनिटं १५ सेकंद, "पावणेचार" म्हणजे ३ मिनिटं ४५ सेकंद. त्याच सव्वातीन रुपयांना आपण ३.२५ लिहितो आणि पावणेचार रुपयांना ३.७५. तोंडी आपण कधी गल्लत करत नाही. नातीने विचारलं, "अडीच मिनिटांहून थोडं जास्त?" तेव्हा तिने माझं टिंब अगदी बरोबर वाचलं होतं. २.५४ मिनिटं म्हणजे खरोखरच अडीच मिनिटं आणि वर दोनेक सेकंद. मी लिहिलं एक होतं, मनात दुसरं होतं.

माझ्या वडिलांच्या पिढीला हे सांगावंच लागलं नसतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे बारा पै होते. तीन रुपये पाच आणे सहा पै हे ते ३-५-६ असं आडव्या रेघा मारून लिहीत. बेरीज करताना पै बारा झाल्या की एक आणा हातचा, आणे सोळा झाले की एक रुपया हातचा. रुपये आणि आणे यांच्यामध्ये दशांश चिन्ह टाकून चाराने भागण्याचं त्यांच्या मनातही आलं नसतं. दशांश नाण्यांनी आपलं जगणं सोपं केलं, पण शंभराच्या हातच्याची इतकी सवय लावली की साठाचा हातचा आपण विसरलो. वेळ मात्र अजून जुन्या चालीचीच आहे.

दोन्ही चिन्हं एकत्र पाहायची असतील तर आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेची वेळ पाहा. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवलं, वेळ ८:११.२०. पहिल्या आलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८:११.१५. इथे आधीची दोन टिंबं मिनिटं आणि सेकंद वेगळे करतात, तिथे हातचा साठाचा. मागचं एक टिंब हे खरं दशांश चिन्ह आहे, सेकंदाचे शंभर भाग दाखवणारं. दोघांमधला फरक सेकंदाच्या शंभरांश पाच भागांचा. आता साबळेने दर किलोमीटरला सरासरी किती वेळ घेतला? ८ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद, त्यात ११.२० मिळवले की ४९१.२०. भागिले तीन, १६३.७३ सेकंद. म्हणजे २ मिनिटं ४३.७३ सेकंद. कोणी ८.११२० ला तीनाने भागलं तर २.७०४ येईल आणि तो दोन मिनिटं सत्तर सेकंदांपाशी अडकेल. शर्यत शंभरांश सेकंदांवर ठरते, आणि हिशेब करणारा टिंब पुसून कित्येक सेकंद इकडे तिकडे करतो!

आता रीत. मी आता दोन रीती वापरतो.

पहिली रीत कागदावरची. प्रत्येक वेळेतली मिनिटं साठाने गुणून सेकंदांत मिळवा, म्हणजे सगळं सेकंदांत येतं. बेरीज करा, फेऱ्यांच्या संख्येने भागा. जे सेकंद येतील त्यांत साठ किती वेळा जातात ती मिनिटं, उरतील ते सेकंद. या शेवटच्या पायरीला कॅल्क्युलेटर पुन्हा एकदा फसवतो, सावध राहा. १७८ भागिले ६० केलं की तो २.९६६ दाखवतो. त्यातलं ९६ हे सेकंद नव्हेत. फक्त दोनाचा आकडा घ्या, दोन साठ एकशेवीस, १७८ मधून १२० गेले, उरले ५८.

दुसरी रीत तोंडी, आणि मला तीच जास्त आवडते. जवळची एक सोयीची वेळ धरा. माझ्या जुलैच्या फेऱ्यांसाठी तीन मिनिटं धरली. पहिली फेरी तीन मिनिटांहून सहा सेकंद कमी, दुसरी चार कमी, तिसरी एक कमी, चौथी तीन जास्त. कमी झाले अकरा, जास्त तीन, म्हणजे एकूण आठ कमी. चाराने भागले, दोन कमी. सरासरी तीन मिनिटांना दोन सेकंद कमी, २ मिनिटं ५८ सेकंद. कॅल्क्युलेटर नको, टिंब नको. ट्रॅकच्या बाकावर बसून घाम पुसता पुसता होतं.

उत्तर आलं की नातीची कसोटी लावा: सरासरी सर्वांत जलद आणि सर्वांत हळू फेरीच्या मध्ये आहे का? नसेल तर चूक नक्की. पण ही कसोटी पार पडली म्हणून उत्तर बरोबरच, असं समजू नका. समजा फेऱ्या २.४०, २.४४, २.५२ आणि ३.०० अशा आहेत. टिंबाच्या हिशेबाने बेरीज १०.३६ आणि सरासरी २.५९ येते. साठाच्या आतले सेकंद, जलद आणि हळू फेरीच्या मध्ये बसणारं, दिसायला सभ्य उत्तर. पण खरी सरासरी १६९ सेकंद, म्हणजे २ मिनिटं ४९ सेकंद. दहा सेकंद इथेही हवेतलेच. म्हणून कसोटीवर विसंबू नका, रीतच बदला.

ज्यांची मुलं वा नातवंडं कॉम्प्युटरवर तक्ता करून देतात त्यांच्यासाठी थोडं. वेळ भरताना तास, मिनिटं, सेकंद असं पूर्ण भरावं, म्हणजे २ मिनिटं ५४ सेकंदांसाठी 0:02:54. मग =AVERAGE(B2:B5) बरोबर चालतं. कधी उत्तराच्या घरात 0.00206 असा विचित्र आकडा दिसतो. घाबरू नका, तक्ता वेळ ही दिवसाचा भाग म्हणून साठवतो, त्या घराला वेळेचं रूप दिलं की 0:02:58 दिसेल. टिंबाने लिहिलेल्या जुन्या वह्या असतील तर आकडे तसेच A या स्तंभात भरून शेजारी हे सूत्र टाका, सेकंद मिळतील:

```
=INT(A2)*60+ROUND((A2-INT(A2))*100,0)
```

मात्र जुन्या वहीत कुठे नुसतं ३.५ लिहिलेलं असेल तर सूत्रही हात टेकतं. ते ३ मिनिटं ५ सेकंद, की ३ मिनिटं ५० सेकंद, की साडेतीन मिनिटं? तिन्ही वाचता येतात, आणि खरं काय ते लिहिणाऱ्यालाच आठवलं तर आठवलं. माझ्या वहीत अशा दोन नोंदी निघाल्या. त्या मी खोडून टाकल्या.

जिममध्ये जाणाऱ्यांना उलटी सावधगिरी हवी. ट्रेडमिलवर वेग ५.५ असा दिसतो, म्हणजे तासाला साडेपाच मैल. ते टिंब खरं दशांश आहे. एका मैलाला किती वेळ, हे काढायला ६० ला ५.५ ने भागलं की १०.९१ येतात. हे आता खरोखर दशांशातले मिनिट आहेत, म्हणून इथे ०.९१ ला साठाने गुणायचं. उत्तर १० मिनिटं ५५ सेकंद. दहा मिनिटं एक्याण्णव सेकंद नव्हे आणि ११ मिनिटं ३१ सेकंदही नव्हे. आकडा कुठून आला ते आधी विचारायचं: घड्याळाकडून आला तर मागे सेकंद आहेत, भागाकारातून आला तर मागे शंभरांश आहेत.

काही मित्र म्हणतात, एवढं कशाला, मनगटावरचं घड्याळ सरासरी आपोआप दाखवतं. दाखवतं, आणि बरोबर दाखवतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर वापरावं. पण आपल्या वयाची बरीच मंडळी अजून साधं स्टॉपवॉच आणि वही वापरतात. शिवाय घड्याळातली सरासरीसुद्धा शेवटी आपण डॉक्टरांना दाखवायच्या कागदावर हाताने उतरवतो, आणि दोन-तीन महिन्यांची सरासरी पुन्हा आपणच काढतो. तिथे टिंब हजर असतंच. दुसरे म्हणतात, दहा-वीस सेकंदांनी काय बिघडतं? स्पर्धेत पळणाऱ्याचं पदक बिघडेल, आपलं काय? माझं उत्तर असं की ज्या खुणेवर मी फोन करणार होतो ती खूणच दहा सेकंदांची होती. चूकही दहा सेकंदांचीच निघाली. खुणेएवढीच चूक असेल तर वही न ठेवलेली बरी, निदान ती खोटा धीर तरी देणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मिनिटं आणि सेकंदांच्या मध्ये एक टिंब टाकणं आपण सोडून द्यावं. दोन टिंबं टाका, किंवा "मि. से." लिहा, किंवा सरळ सेकंदच लिहा. एका आकड्यातले सेकंद नेहमी दोन अंकी लिहा, ३:०५, नुसतं ३:५ नको. जे व्यायामवर्ग किंवा दवाखाने रुग्णाला घरी भरायला तक्ता देतात त्यांनी वेळेसाठी एकच रिकामी चौकट न ठेवता मिनिटांची एक आणि सेकंदांची एक, अशा दोन चौकटी छापाव्यात. दोन चौकटी असत्या तर मी टिंब टाकलंच नसतं. आणि संपादकांना विनंती, पत्रिकेतल्या समारंभाच्या वेळा खुशाल ६.३० छापा, पण या सदरात कोणाच्या चालण्या-पळण्याच्या वेळा आल्या तर त्या दोन टिंबांनीच छापा. वाचणारा तशाच उतरवून घेतो.

माझं हिमोग्लोबिन सप्टेंबरच्या शेवटी १२.४ वर आलं. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी गार हवेत चार फेऱ्या मारल्या, नाडी तीच ठेवून. वेळा आल्या २:४९, २:५१, २:५४ आणि २:५८. पावणेतीन मिनिटं धरून बाकावरच हिशेब केला: चार, सहा, नऊ, तेरा सेकंद जास्त, बेरीज बत्तीस, चाराने भागले, आठ. पावणेतीन मिनिटं आणि आठ सेकंद, म्हणजे २:५३. जूनच्या मानाने अजून सात सेकंद मागे आहे. नर्सबाईंना तेच कळवलं. त्या म्हणाल्या, उतरण थांबली आहे, रक्त भरून येईल तसा वेगही येईल, दोन आठवड्यांनी पुन्हा कळवा.